‘माझी शाळा’ लिहायची, पण कुणाची?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना सुटलेली एक-दोन वाक्यं छापताना घातली आहेत.)



पंधरा दिवसांपूर्वी सचिव घरी आले आणि म्हणाले, “बाई, कार्यक्रमात तुम्ही बोलायचं.” मी विचारलं, “कशावर?” म्हणाले, “शिक्षणावर काहीतरी.” “किती वेळ?” “बोला की, तुम्हाला काय सांगायचं!” “समोर कोण असणार, मोठे की मुलं?” “सगळेच की!” एवढं बोलून ते मांडववाल्याला फोन लावायला गेले. मला हसू आलं, कारण गेली पंचवीस वर्षं या सोसायटीत माझ्याकडे जी मागणी येते, ती याच मापाची असते. संध्याकाळी बेल वाजते, नाहीतर फोनवर मेसेज येतो: “काकू, ‘माझी शाळा’ निबंध पाहिजे. उद्या.”

मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणून ही मागणी माझ्याकडे येणं साहजिक आहे. त्याचा मला राग नाही. पण या पाच-सहा शब्दांत काय काय नाही ते बघा. मूल कितवीत आहे, ते नाही. किती लिहायचं, ते नाही. कशासाठी लिहायचं, तेही नाही. आणि तरी मी एकदा, काहीही न विचारता, तो निबंध लिहून दिला. आज तीच गोष्ट सांगणार आहे. जिची गोष्ट आहे ती मुलगी आता आठवीत आहे, इथेच बसली आहे, आणि तिला विचारूनच सांगते आहे.

ती तेव्हा तिसरीत होती. रात्री आठच्या सुमारास तिच्या आईचा मेसेज आला. आई बँकेतून दमून आलेली, स्वयंपाक व्हायचा होता. मीही जास्त विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारण्यात मला कमीपणा वाटला. एकतीस वर्षं शिकवलेल्या बाईला ‘माझी शाळा’ लिहायला काय विचारायचं? टेबलावर बसले आणि अर्ध्या तासात तीनशे शब्द लिहिले. ‘ज्ञानमंदिर’ लिहिलं, ‘विस्तीर्ण क्रीडांगण’ लिहिलं, ‘संस्कारांची शिदोरी’ लिहिलं. वळणदार अक्षरात कागद खाली पाठवून दिला आणि समाधानाने झोपले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं की तो निबंध नव्हताच. शाळेच्या कार्यक्रमात दोन मिनिटांचं भाषण होतं. त्या लेकराने रात्री अकरापर्यंत बसून माझी वाक्यं पाठ केली. स्टेजवर गेली, ‘विस्तीर्ण क्रीडांगण’ म्हणाली आणि समोरची मुलं हसली, कारण त्या शाळेला क्रीडांगणच नाही. ती घाबरली, पुढचं वाक्य विसरली आणि खाली उतरली. त्यानंतर बरेच दिवस जिन्यात मी दिसले की ती आईच्या मागे लपायची. चूक शाळेची नव्हती, आईची नव्हती. चूक माझी होती. मी न विचारता लिहिलं होतं.

तेव्हापासून मी हिशोब मांडत आले, की या मागणीत ज्या गोष्टी सांगायच्या राहतात, त्यातली कुठली राहिली तर चालतं आणि कुठली राहिली की सगळं वाया जातं. सगळ्या रिकाम्या जागा सारख्या नसतात.

शब्दमर्यादेपासून सुरू करते, कारण पालक विचारतात तेव्हा पहिल्यांदा हेच विचारतात. “बाई, किती ओळींचा?” माझा अनुभव असा, की ही सगळ्यात कमी धोक्याची जागा आहे. लिहिलेलं कमी करता येतं. मात्र ते कमी करता येईल अशा बेताने लिहावं लागतं. मी सगळ्यात महत्त्वाचं पहिल्या परिच्छेदात घालते, दुसऱ्या परिच्छेदात एक प्रसंग, आणि तिसऱ्यात जे गाळलं तरी काही बिघडणार नाही ते. मर्यादा कमी निघाली तर शेवटचा परिच्छेद काढायचा. जास्त निघाली तर प्रसंग वाढवायचा. नवे गुणगान घालून लांबवायचं नाही. आणि अंदाज लागतच नसेल तर वही मागवून घ्या. एकेरी रेघांच्या पानावर मुलं साधारण वीस-एकवीस ओळी लिहितात, ओळीत सहा-सात शब्द बसतात. म्हणजे एक पान सुमारे सव्वाशे-दीडशे शब्दांचं. बाईंनी ‘एक पान’ म्हटलं असेल तर तीच तुमची शब्दमर्यादा.

यापेक्षा मोठी जागा इयत्तेची. पण आपल्या सोलापुरात नुसती इयत्ता विचारून भागत नाही, हे मला उशिरा कळलं. आपल्याच सोसायटीत बघा. ए विंगमध्ये घरात तेलुगू बोलणारी कुटुंबं आहेत, पूर्व भागातून इकडे राहायला आलेली. समोर कन्नड बोलणारे आहेत, वरच्या मजल्यावर उर्दू आहे. मुलं कुणी मराठी शाळेत, कुणी इंग्रजी. राज्यात २०२० च्या कायद्याने सगळ्या माध्यमांच्या, सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. चांगलं झालं. पण त्यामुळे ‘सहावी’ या एका शब्दात दोन वेगळी मुलं बसतात. एक घरी-दारी मराठी बोलणारं, दुसरं आठवड्यातून मोजक्या तासांना मराठी ऐकणारं. दुसऱ्याला पहिल्याच्या मापाचा निबंध दिला तर ते अंगापेक्षा मोठ्या शर्टासारखं दिसतं, आणि बाईंना पहिल्या ओळीतच कळतं की हे मुलाने लिहिलेलं नाही.

म्हणून मी आता इयत्तेबरोबर पुस्तकाचं नाव विचारते. राज्य मंडळाच्या शाळेत मराठी माध्यमाच्या मुलाच्या दप्तरात आठवीपर्यंत ‘बालभारती’ असते. इतर माध्यमांच्या मुलाकडे ‘सुलभभारती’ असते. नववी-दहावीला मराठी माध्यमाला ‘कुमारभारती’ आणि बाकीच्यांना ‘अक्षरभारती’. पुस्तकाचं नाव कळलं की मुलाची मराठी किती वयाची आहे ते कळतं. मुलाचं वय आणि मुलाच्या मराठीचं वय, दोन्ही एक नसतं. सीबीएसईच्या शाळांत पुस्तकं वेगळी असतात. तिथे मी चालू धड्यातला एक परिच्छेद मुलाला मोठ्याने वाचायला लावते. जिथे ते अडखळतं, त्याच्या एक पायरी खाली मी लिहिते.

इयत्ता चुकली हे ओळखायची खूणही हीच. लिहिलेलं मुलाला मोठ्याने वाचायला द्या. तीन ठिकाणी अडलं तर शब्द बदला. “वाच परत, येईल” असं म्हणू नका. ते शब्द त्याचे नाहीत, तर तो निबंधही त्याचा नाही.

आता तिसरी जागा, कशासाठी लिहायचं ती. माझ्या गोष्टीत घात झाला तो इथे. वर्गपाठाची वही, परीक्षेची उत्तरपत्रिका, स्पर्धा आणि स्टेजवरचं भाषण, या चार ठिकाणी ‘माझी शाळा’ चार वेगळ्या वस्तू होतात. वहीत बाईंना बघायचं असतं की मुलाला सरळ वाक्यं येतात का. भाषण कानाने ऐकायचं असतं, म्हणून वाक्यं लहान हवीत, एका श्वासात संपणारी. मी घड्याळ लावून पाहिलंय, लहान मूल स्टेजवर मिनिटाला साधारण नव्वद ते शंभर शब्द बोलतं. म्हणजे दोन मिनिटांना दोनशेच्या आत. मी त्या पोरीला तीनशे शब्द दिले होते. ती अडली नसती तरी भाषण तीन मिनिटांवर गेलं असतं.

परीक्षेचं आणखी वेगळं. दहावीच्या कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत ऐंशीपैकी चोवीस गुण उपयोजित लेखनाचे असतात, आणि त्यात आपण ज्याला निबंध म्हणतो त्याला आठ. तिथे तीन प्रकार येतात: प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन. त्यातला एक लिहायचा. म्हणजे दहावीच्या मुलाने ‘माझी शाळा’ म्हणून लहानपणी पाठ केलेलं वर्णन कितीही सुंदर असलं, तरी ते जसंच्या तसं तिथे बसणार नाही. शाळा येईल ती निरोप समारंभाचा प्रसंग म्हणून, नाहीतर शाळाच बोलते आहे असं आत्मकथन म्हणून. शिवाय सोबत मुद्दे दिलेले असतील तर ते सगळे यायला हवेत. एखाद्या दादाच्या जुन्या वहीतला निबंध उतरवून पाठ करणारी मुलं नेमकी इथे फसतात. विषयात ‘शाळा’ हा शब्द दिसला, की पाठ केलेलं आपोआप हातातून उतरायला लागतं.

म्हणून माझं मत असं झालं आहे, की फोनवर एकच प्रश्न विचारायला वेळ असेल तर “कशासाठी?” हा विचारावा. कारण या प्रश्नाचं उत्तर एकटं येत नाही. त्या रात्री मी एवढंच विचारलं असतं तरी आई म्हणाली असती, “अहो, तिसरीतल्या पोरीचं भाषण आहे, दोन मिनिटांचं.” इयत्ता, लांबी, सगळं एका वाक्यात आलं असतं. उलट “किती शब्द?” विचारलं असतं तर “शंभर-दोनशे असेल” एवढंच हाती लागलं असतं, आणि मी दोनशे शब्दांचं तेच ज्ञानमंदिर पाठवलं असतं.

पण मंडळी, हे तिन्ही प्रश्न विचारूनही एक जागा रिकामी राहते, आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही. विषयाचं नाव आहे ‘माझी शाळा’. सगळे ‘शाळा’ या शब्दाच्या मागे लागतात. ‘माझी’ कुणी बघतच नाही. मी जे क्रीडांगण लिहिलं ते माझ्या शाळेचं होतं, तिच्या शाळेचं नव्हतं. इयत्तेचा अंदाज बांधता येतो, शब्दांचा बांधता येतो, वेळ पडली तर हेतूचाही बांधता येतो. मुलाच्या शाळेत काय आहे याचा अंदाज बांधता येत नाही. बांधलाच तर ते खोटं होतं. आणि हे आईला विचारूनही कळत नाही. आई गेटपर्यंत जाते. आत मूल जातं.

पुढच्या वर्षी ती चौथीत गेली आणि पुन्हा ‘माझी शाळा’ आली. शाळेत हा विषय दरवर्षी येतोच, आपल्याकडच्या गड्ड्यासारखा. या वेळी आईने मेसेज न करता तिलाच वर पाठवलं. दारात उभी, वही छातीशी धरून. मी तिला खाऊ दिला आणि विचारलं. वही वर्गपाठाची, एक पान, पुस्तक ‘सुलभभारती’. तीन जागा तीन मिनिटांत भरल्या. मग चौथी. “तुझ्या शाळेत मैदान नाही, मग तुम्ही खेळता कुठे?”

ती म्हणाली, “गच्चीवर.”

आणि मग जी सुटली! गच्चीला चारही बाजूंनी जाळी आहे. चेंडू जाळीवरून खाली गेला तर रिक्षावाले मामा तो झेलून वर फेकतात. एका कोपऱ्यातून सिद्धेश्वराचं तळं दिसतं. मार्च लागला की गच्ची अशी तापते की बुटातून चटका बसतो, मग खेळाचा तास वर्गात, आणि वर्गात फक्त बुद्धिबळ. मी एक शब्दही सुचवला नाही. ती बोलत गेली, मी कच्च्या कागदावर टिपत गेले. मग तो कागद तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, यातली तुला आवडतील ती पाच वाक्यं लिही. तिने लिहिलं:

“माझ्या शाळेला मैदान नाही. आम्ही गच्चीवर खेळतो. चेंडू खाली पडला की रिक्षावाले मामा वर फेकतात. उन्हाळ्यात गच्ची तापते. मग आम्ही वर्गात बुद्धिबळ खेळतो.”

बघा, यात एकही अवघड शब्द नाही. पण शाळेचं नाव झाकलं तरी ही दुसऱ्या कुठल्या शाळेची ओळ वाटणार नाही. निबंध ‘माझा’ आहे की नाही हे ओळखायची माझी खूण तीच आहे. नाव झाका आणि वाचा. गावातल्या दहा शाळांना तो तसाच चालत असेल, तर ‘माझी’ भरायची राहिली.

आणि हीच गच्ची पुढे कशी चालते तेही सांगते. सातवीला हीच वाक्यं जोडून एक प्रसंग होतो: “त्या दिवशी शेवटचा चेंडू जाळीवरून गेला आणि मामांची रिक्षा नेमकी नव्हती. आम्ही सगळे जाळीला नाक लावून रस्त्याकडे बघत राहिलो.” भाषणाला तीच गच्ची समोरच्याला विचारत येते: “तुमच्या शाळेला मैदान असेल. आमच्या शाळेला गच्ची आहे. मैदानावरून तळं दिसतं का? आमच्या गच्चीवरून दिसतं.” आणि दहावीच्या आत्मकथनात शाळाच बोलू लागते: “मला अंगण नाही. म्हणून मी पोरांना डोक्यावर खेळवते.” वस्तू एकच, गच्ची. इयत्तेने वाक्य बदललं, हेतूने घाट बदलला, शब्दमर्यादेने लांबी बदलली. पण गच्ची नसती तर यातलं काहीच उभं राहिलं नसतं.

काही वेळा विचारायला कुणी नसतंच, हेही मला माहीत आहे. रात्रीचे दहा वाजलेत, मूल झोपलंय, आई गावाला आणि बाबांना एवढंच ठाऊक की ‘निबंध आहे’. तेव्हा मी दोन गोष्टी करते. कागदाच्या डोक्यावर लिहिते: ‘पाचवी, मराठी माध्यम, वहीचं एक पान, वर्गपाठ असं धरलं आहे. वेगळं असेल तर सकाळी सांगा.’ म्हणजे माझा अंदाज हा अंदाज म्हणून दिसतो. आणि दुसरं, जे मला माहीत नाही ते मी लिहीत नाही. तिथे रेघ मारून सोडते: ‘मधल्या सुट्टीत आम्ही ______ खेळतो. मला शाळेतली ______ ही जागा सर्वांत आवडते, कारण ______.’ सकाळी दूध पिताना मूल त्या रेघा भरतं. ज्या रेघा मूल भरतं तेवढाच निबंध त्याचा असतो. बाकीचा माझा, आणि तो कमी असलेलाच बरा.

बाबा मंडळींना हे आवडत नाही. “काकू, पूर्ण लिहून दिला असता तर बरं झालं असतं.” मी म्हणते, एकदा पूर्ण लिहून दिला होता. मग ती मुलगी माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही.

आता ती आठवीत आहे. परवा तीच माझ्याकडे आली, हातात कमिटीचं पत्र. स्मरणिकेसाठी मुलांकडून मजकूर मागवला होता: ‘आमची सोसायटी’. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, “आजी, मी सेक्रेटरीकाकांना विचारून आले. अर्धं पान, स्मरणिकेसाठी, मोठे लोक वाचणार. आता फक्त आपल्या सोसायटीत असं काय आहे जे दुसरीकडे नाही, ते तुम्ही सांगू नका. मी शोधते.”

तिने काय शोधलं ते याच अंकात कुठेतरी छापलेलं असेल. नाव झाकून वाचा, म्हणजे कळेल आपली आहे की नाही.

आणि सचिवसाहेब, तुम्ही वेळ सांगितली नव्हती म्हणून मीच वीस मिनिटं धरली होती. जास्त झाली असतील, तर शेवटचा परिच्छेद गाळला तरी चालेल.